आरसा धरणारा हात

‘द किलिंग जोक’ मी पहिल्यांदा वाचले तेव्हा जोकरचे म्हणणे मला पूर्णपणे पटले होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲलन मूर यांनी लिहिलेल्या आणि ब्रायन बोलंड यांनी रेखाटलेल्या त्या पन्नास पानांच्याही आतल्या पुस्तकात जोकर बॅटमॅनला सांगतो की आपल्या दोघांत फरक आहे तो केवळ एका वाईट दिवसाचा. कोणत्याही शहाण्या माणसाला वेडाच्या कड्यावरून खाली ढकलायला असा एक दिवस पुरतो. तुझ्याही आयुष्यात तो दिवस आला असणार, नाहीतर रात्री-अपरात्री वटवाघळाचा वेष चढवून तू कशाला हिंडला असतास, असे त्याचे म्हणणे. मी पुस्तक मिटले ते नायक आणि खलनायक ही एकाच नाण्याच्या दोन बाजू असतात असा निष्कर्ष काढून, आणि पुढची कितीतरी वर्षे तोच निष्कर्ष इतरांना ऐकवत राहिलो. तो चुकीचा होता असे आज मला वाटते. ही चूक नेमकी कुठे झाली हे शोधताना, कॉमिक्सचे लेखक नायक आणि खलनायक यांच्या उगमकथा एकमेकींची प्रतिबिंबे असल्यासारख्या का रचतात, याचे मला पटणारे एक उत्तर मिळाले.

पहिली गोष्ट म्हणजे, बॅटमॅन आणि जोकर ही जोडी जन्मतः आरशासमोर उभी नव्हती. बॅटमॅन १९३९ च्या मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ३३ व्या अंकात, त्याची उगमकथा अवघ्या दोन पानांत सांगितली गेली. रस्त्यावर एक लुटारू येतो, आईवडील मुलाच्या डोळ्यांदेखत मारले जातात, मुलगा मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतो, आणि वर्षे लोटल्यावर उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत शिरते. जोकर १९४० साली ‘बॅटमॅन’ नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आला, पण त्याला भूतकाळच नव्हता. तो रेडिओवरून खून जाहीर करतो आणि ठरलेल्या वेळी माणूस मरतो, एवढीच त्याची ओळख. त्याच अंकातल्या दुसऱ्या कथेत त्याला मारून टाकायचे ठरले होते. संपादकांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली आणि तो वाचला. ज्याला दुसऱ्या कथेतच संपवायचे होते, त्याला बालपण कोण देणार?

भूतकाळ मिळाला तो अकरा वर्षांनी. १९५१ च्या फेब्रुवारीत बिल फिंगर यांनी लिहिलेल्या कथेत बॅटमॅन विद्यार्थ्यांना गुन्हेशास्त्र शिकवताना दहा वर्षांपूर्वीचे एक न सुटलेले प्रकरण त्यांच्यासमोर ठेवतो. लाल घुमटासारखे शिरस्त्राण घालणारा ‘रेड हूड’ नावाचा चोर पत्त्यांच्या कारखान्यातून पळताना रासायनिक सांडपाण्यात उडी घेतो आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. तोच जोकर होता, त्या पाण्याने त्याची कातडी पांढरी आणि केस हिरवे झाले, हे शेवटी उघड होते. मात्र या कथेत दुःखाचा लवलेश नाही. त्या माणसाला दहा लाख डॉलर चोरून निवृत्त व्हायचे होते, बस्स. बॅटमॅनच्या मागे शोक आहे आणि जोकरच्या मागे हाव आहे. दोघांच्या कथा शेजारी ठेवल्या तरी त्यांत साम्य दिसत नाही, कारण एकावर प्रसंग ओढवला होता आणि दुसरा स्वतःहून त्या वाटेने गेला होता.

मूर यांनी याच जुन्या कथेत मोजकेच, पण मुळावर घाव घालणारे बदल केले. त्यांचा रेड हूड मुळात चोरच नाही. तो रासायनिक कारखान्यातली नोकरी सोडून विनोदी कलाकार व्हायला निघालेला आणि सपशेल फसलेला तरुण आहे. बायको गरोदर आहे आणि घरभाडे थकले आहे. दोन गुंड त्याला एकाच चोरीपुरते सोबत घेतात, कारण त्याला कारखान्याच्या आतल्या वाटा ठाऊक आहेत. लाल शिरस्त्राण कोणाही एका नवशिक्याच्या डोक्यावर चढवायचे, म्हणजे पोलिसांना तोच म्होरक्या वाटेल, ही त्या टोळीची युक्ती असते. चोरीच्याच दिवशी पोलीस त्याला गाठून सांगतात की बाळाची बाटली गरम करण्याचे यंत्र तपासताना अपघात होऊन त्याची बायको गेली. आता चोरी करण्याचे कारणच उरलेले नाही, पण गुंड त्याला सोडत नाहीत. रात्री बॅटमॅन समोर येतो, घाबरलेला तरुण पाण्यात उडी मारतो, आणि पलीकडे निघून शिरस्त्राण काढल्यावर त्याला स्वतःचा चेहरा दिसतो.

हावेच्या जागी शोक आला, निवडीच्या जागी अपघात आला, आणि सगळे एका दिवसात घडले. इतके झाल्याबरोबर बॅटमॅनची दोन पानांची जुनी कथा आणि जोकरची ही नवी कथा समोरासमोर आल्या. दोघांचीही माणसे एका दिवसात गेली, त्यात दोघांचाही काही दोष नव्हता, दोघांनीही नंतर एक वेष कायमचा चढवला. एकाने त्या दिवसातून शपथ काढली, दुसऱ्याने हसू काढले.

आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात दृष्टान्ताचे लक्षण सांगताना बिंबप्रतिबिंबभाव हा शब्द येतो. दोन विधाने शेजारी ठेवायची, पण त्यांच्यामध्ये ‘जसे’, ‘तसे’, ‘प्रमाणे’ असा एकही जोडशब्द घालायचा नाही, साम्य वाचकाने स्वतः ओळखायचे. कॉमिक्सला हे तंत्र फार सहज जमते, कारण चौकटीशेजारी चौकट ठेवणे हाच त्याचा मूळ व्याकरणनियम आहे. ‘द किलिंग जोक’मध्ये वर्तमानातून भूतकाळात जाताना आधीच्या चौकटीतली शरीराची ठेवण पुढच्या चौकटीत तशीच राहते, माणूस तोच, पवित्रा तोच, बदलतो तो भोवतालचा काळ. जॉन हिगिन्स यांनी मूळ आवृत्ती रंगवली होती. २००८ च्या आवृत्तीत बोलंड यांनी पुस्तक स्वतः पुन्हा रंगवले आणि भूतकाळाची पाने जवळजवळ रंगहीन ठेवून प्रत्येक प्रसंगात एखादीच वस्तू लाल केली. तो लाल रंग कुठे चालला आहे हे शिरस्त्राण येईपर्यंत आपल्याला कळत नाही, पण डोळा त्याच्यामागे चालत राहतो. दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून पाहिल्या तर रंगामुळे कथेचा अर्थ किती सरकतो ते कळते. मला दुसरी आवृत्ती अधिक आवडते, कारण तिच्यात भूतकाळ आठवणीसारखा अर्धवट दिसतो. तो अर्धवटपणा का महत्त्वाचा आहे, हे पुढे येईलच.

त्याआधी एका तंतोतंत आरशाकडे पाहायला हवे, कारण त्याच्याशेजारी ठेवल्यावाचून जोकरचा आरसा किती वाकडा आहे ते दिसत नाही. १९८४ मध्ये माइक बार यांनी लिहिलेल्या आणि मायकेल गोल्डन यांनी रेखाटलेल्या ‘बॅटमॅन स्पेशल’मध्ये रॅथ नावाचा खलनायक आहे. ज्या रात्री ब्रूस वेनचे, म्हणजे बॅटमॅनचे, आईवडील मारले गेले, त्याच रात्री त्याच शहरात आणखी एका मुलाचे आईवडील त्याच्यासमोर मारले गेले. ते दोघे चोर होते आणि त्यांच्यावर गोळी झाडणारा होता तेव्हा नव्याने भरती झालेला पोलीस शिपाई, जिम गॉर्डन. हा मुलगाही शपथ घेतो, शरीर कमावतो, विद्या शिकतो, मुखवटा चढवतो, आणि पोलिसांना मारत हिंडतो. पंचवीस वर्षांनी तो गॉर्डनसाठी गॉथमला परततो. बॅटमॅनच्या प्रत्येक तपशिलाला त्याच्याकडे उलटा तपशील आहे. ब्रूसच्या आयुष्यात कायदा वेळेवर पोहोचला नाही, रॅथच्या आयुष्यात कायदाच बंदूक घेऊन उभा होता.

ही कथा मला मनापासून आवडते, आणि तिने एक अवघड प्रश्न नेमक्या जागी ठेवला आहे. गल्लीत रडत बसलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपले आईवडील चोर होते की डॉक्टर होते याने काय फरक पडतो? गॉर्डन हा बॅटमॅनच्या जगातला सर्वांत सचोटीचा माणूस, आणि रॅथच्या कथेत त्याच जागी आपल्याला मारेकरी दिसतो. लेखकाने इथे एखाद्या प्रयोगशाळेत करावे तसे केले आहे: वय, रात्र, शहर, दुःख, जिद्द हे सगळे स्थिर ठेवून फक्त एक गोष्ट उलटी केली, आणि तेवढ्याने माणूस किती उलटतो ते पाहिले.

पण हा प्रयोग एकदाच करता येतो. प्रश्न विचारून झाला की रॅथकडे पुढे करण्यासारखे काही उरत नाही, कारण त्याचे सगळे असणे बॅटमॅनच्या कथेला उणे चिन्ह लावून मिळालेले आहे. तो त्या कथेतच मरतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याचे नाव पुन्हा वापरायचे ठरले तेव्हा मुखवट्यामागे दुसरा माणूस आणावा लागला. १९९८ मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी प्रॉमिथियस नावाचा जवळजवळ याच साच्यातला खलनायक घडवला. त्याचेही आईवडील गुन्हेगार आणि तेही पोलिसांच्या गोळ्यांनी मुलासमोर मेलेले. साचा पुन्हा वापरता येतो, माणूस पुन्हा वापरता येत नाही, ही तंतोतंत आरशाची मर्यादा आहे. ती ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. नायकाची उगमकथा घेऊन तिच्यातली फक्त विशेषणे उलटी करून पाहावीत. खलनायक पुरा तयार झाला, त्याच्या बाजूचे म्हणून काही शिल्लक उरले नाही, तर तो एका कथेचा पाहुणा आहे असे समजावे.

मग लेखक पुन्हा पुन्हा आरशाकडे का वळतात? साम्य वाचकाला आवडते, हे उत्तर पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण मालिकेच्या रचनेत आहे. बॅटमॅनची कथा १९३९ पासून चालू आहे आणि ती संपू द्यायची नाही, हा तिचा पहिला नियम आहे. जो नायक पुढच्या महिन्यातही हवा आहे, तो मुळापासून बदलू शकत नाही. तो एखाद्या अंकात चिडेल, खचेल, क्षणभर डळमळेल, पण अंकाच्या शेवटी त्याला आपल्या जागी परत यावे लागते. मग या माणसाने दुसरी वाट धरली असती तर काय झाले असते, हा त्याच्याविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न त्याच्यावरच घालून पाहता येत नाही. कादंबरीकार आपल्या नायकाला मोडू शकतो, मालिकेच्या लेखकाला ती मुभा नाही. म्हणून तो तोच प्रश्न दुसऱ्या शरीरात घालतो. नायकाने न धरलेली वाट खलनायक त्याच्यासाठी चालून दाखवतो आणि नायक जागच्या जागी राहूनही तपासला जातो. जोकरला शोक मिळण्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली, त्यामागेही मला हेच दिसते. बॅटमॅनवर शंका घेण्याची गरज निर्माण होईपर्यंत जोकरच्या दुःखाची कोणालाच गरज नव्हती.

दुसरा एक मार्ग आहे, त्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो मला कमकुवत वाटतो. दोन उगमकथा शेजारी ठेवण्याऐवजी त्यांची एकमेकींत गाठ मारून टाकायची. १९८९ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटात पुढे जोकर होणारा माणूसच ब्रूसच्या आईवडिलांना मारतो, आणि त्याला रसायनात पडू देणारा बॅटमॅनच असतो. तू मला घडवलेस, पण आधी मी तुला घडवले, असा हिशेब मग दोघे मांडतात. तो पडद्यावर रंगतो खरा, पण त्यात मूळ कथेतले एक अमूल्य तत्त्व हरवते. कॉमिक्समध्ये मारेकरी कोणी मोठा माणूस नव्हता, एक क्षुल्लक लुटारू होता. १९४८ मध्ये त्याला जो चिल हे नाव मिळाले आणि त्याच कथेत बॅटमॅन मुखवटा काढून त्याच्यासमोर उभा राहतो. भेदरलेला चिल आपल्या साथीदारांकडे धावतो आणि बॅटमॅन आपल्यामुळे निर्माण झाला असे सांगतो. ते साथीदार पुढचे काही ऐकण्याआधीच त्याला गोळ्या घालतात, कारण त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या दुर्दशेचे मूळ समोर उभे असते. बॅटमॅनचे खरे नाव चिलबरोबर जाते. सर्वांत मोठ्या शपथेच्या मुळाशी इतका लहान माणूस असणे, हीच त्या कथेची ताकद आहे. चिलच्या जागी जोकर बसवला की शपथेचे वैर होते, आणि वैर तर एका माणसाच्या मरणाबरोबर संपते.

आता पुन्हा ‘द किलिंग जोक’कडे, आणि माझ्या चुकीकडे. इतकी वर्षे मी पुस्तकातले साम्य पाहत होतो, पण ते साम्य कोण दाखवतो आहे हे पाहत नव्हतो. एका वाईट दिवसाचा सिद्धान्त मूर यांचा नाही, बॅटमॅनचा नाही, तो जोकरचा आहे. तो सिद्ध करण्यासाठी जोकर एक माणूस निवडतो, गॉर्डन. त्याच्या घरी जाऊन तो त्याच्या मुलीवर, बार्बरावर, दारातच गोळी झाडतो, तिची छायाचित्रे काढतो, आणि जत्रेतल्या भुताच्या गाडीत गॉर्डनला बसवून ती त्याला दाखवतो. म्हणजे प्रयोगाचा तिसरा विषय पुस्तकातच आहे. दोन वाईट दिवस आपण ऐकले, तिसरा आपल्यासमोर घडतो. आणि गॉर्डन मोडत नाही. पिंजऱ्यातून सुटल्यावर तो बॅटमॅनला सांगतो की जोकरला कायद्याने पकडून आण, आपली पद्धत चालते हे त्याला दिसले पाहिजे. रॅथच्या कथेत मारेकऱ्याच्या जागी उभा असलेला हाच माणूस इथे साक्षीदाराच्या जागी उभा आहे. बॅटमॅन पुढे आरशांच्या दालनातून जात जोकरला गाठतो आणि तेच ऐकवतो: गॉर्डन ठीक आहे, साधी माणसे दरवेळी तडकत नाहीत, कदाचित तडकणारा फक्त तूच होतास.

आणि त्याहूनही महत्त्वाचे एक वाक्य आहे, जे मी पहिल्या वाचनात हसून सोडून दिले होते. जोकर स्वतःच कबूल करतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी असा आठवतो, कधी तसा, आणि भूतकाळ हवाच असेल तर त्याला अनेक पर्याय असलेले बरे. म्हणजे गरोदर बायको, थकलेले भाडे, दोन गुंड, यांतले काहीच घडले नसेल. रंगहीन पानांवरच्या त्या लाल वस्तू घटनेच्या नाहीत, आठवणीच्या आहेत, आणि ही आठवण अशा माणसाची आहे ज्याला समोरच्याला पटवायचे आहे. ज्याला आपण बॅटमॅनसारखे आहोत असे सिद्ध करायचे आहे, त्याला बॅटमॅनसारखाच भूतकाळ आठवतो, यात आश्चर्य ते काय? रॅथचा आरसा लेखकाने भिंतीवर लावला होता, तो खरा होता आणि म्हणूनच एकदा पाहून संपला. जोकरचा आरसा जोकरच्या हातात आहे. तो हवा तसा कलवता येतो, आणि पुढचा प्रत्येक लेखक तो पुन्हा नव्या कोनात धरू शकतो.

या पुस्तकाचे माझ्या मनातले एक ओझे मात्र कमी झालेले नाही. दोन पुरुषांचे प्रतिबिंब जुळवण्यासाठी त्यात दोन स्त्रिया खर्ची पडतात. जोकरची बायको पानाबाहेरच मरते आणि तिचा मृत्यू पोलिसांच्या तोंडी एका वाक्यात येतो. बार्बरा स्वतः एके काळची बॅटगर्ल, तिची पाठ मोडली जाते, आणि उरलेले सगळे पुस्तक तिच्या वडिलांचे काय झाले हे विचारत राहते. आरशाची रचना फार काटेकोर झाली की असे घडते. जो कोणी त्या चौकटीत दोघांपैकी एक नाही, तो केवळ निमित्त होतो. मूर यांनीही पुढे या कृतीविषयी नाराजी व्यक्त केली आहे. बार्बराला तिची स्वतःची कथा दुसऱ्या लेखकांनी दिली: १९८९ मध्ये किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये तिला ओरॅकल या नावाने परत आणले, चाकांच्या खुर्चीवरून संगणकाच्या साहाय्याने इतर नायकांना माहिती पुरवणारी. तिच्याही आयुष्यातला तो एक वाईट दिवसच होता. तिने त्यातून काढलेली गोष्ट बॅटमॅनच्या शपथेसारखी नाही आणि जोकरच्या हसण्यासारखीही नाही, आणि तिच्यासमोर कोणी आरसा धरलेला नाही.

पुस्तकाच्या शेवटी पावसात उभा असलेला बॅटमॅन जोकरला मदत देऊ करतो. जोकर नकार देतो आणि एक विनोद सांगतो. वेड्यांच्या इस्पितळातून दोघे पळतात, छपरावर येतात, मध्ये एक फट असते. पहिला उडी मारून पलीकडे जातो. दुसरा घाबरतो. पहिला म्हणतो, मी विजेरीचा झोत टाकतो, तू त्या झोतावरून चालत ये. दुसरा म्हणतो, मी काय वेडा आहे, अर्ध्यावर आलो की तू विजेरी बंद करशील. या विनोदातही एकाच जागेवरून निघालेली दोन माणसे आहेत आणि मध्ये एक फट आहे, पण पलीकडे पोहोचलेला कोण आणि अलीकडे राहिलेला कोण हे जोकर सांगत नाही. मी ते दोन्ही बाजूंनी लावून पाहिले आहे, आणि दोन्ही बाजूंनी ते जवळजवळ बसते. बॅटमॅन हसतो, दोघे एकमेकांना धरून हसतात, मग चित्र खाली उतरते, त्यांच्या पावलांमधल्या डबक्यात पडलेली उजेडाची एक रेघ विझते, आणि पुस्तकाच्या पहिल्या चौकटीत होती तीच पावसाची वर्तुळे पाण्यावर उरतात.